कस्तुराबाईची चकती

कस्तुराबाई बाई कशी आहे, असं आमच्या गल्लीत विचारलंत तर दहा जणांकडून दहा मतं मिळतील, आणि त्यातली नऊ तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नाही. मी तिच्या तोंडावरही बोलतो, म्हणून मला ती भाजी महाग देते.

मंगरूळपीरला एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. निम्मी घरं कापडवाल्या जैनांची, उरलेली आम्हा फुटकळांची. सकाळी आठला कस्तुराबाईची हातगाडी गल्लीत शिरते. गावाबाहेर नाल्याच्या काठाला तिचं अर्धा एकर वावर आहे, तिथलीच भाजी. नवरा नानाजी भजनी मंडळात टाळ वाजवतो. तेवढाच त्याचा आवाज. घरात त्याला टाळ वाजवायची परवानगी नाही.

तर ही बाई लवकी विकते. पुस्तकात हिला दुधी भोपळा म्हणतात, आम्ही लवकीच म्हणतो. पण ती नुसती विकत नाही. गिऱ्हाइकानं लवकी उचलली की कस्तुराबाई कमरेची सुरी काढते, देठाकडून नाण्याएवढी पातळ चकती कापते, सुरीच्या टोकावरूनच जिभेवर ठेवते, क्षणभर डोळे मिटते, बाजूला थुंकते आणि मग म्हणते, "घेऊन जाय, फिकी हाये." काकडीलाही तोच न्याय. काकडीची दोन टोकं घासून फेस काढला की कडूपणा निघतो, असं कोणी म्हणालं तर तिला हसू आवरत नाही. "फेस निघते, कडू नाई निघत. घासून कडू गेलं असतं तं आमच्या सासूले मी रोज घासलं असतं."

सासूचं नाव उगाच येत नाही. कस्तुराबाई नवी नवरी असताना घरी वेलावरची दोडकी केली होती. पहिल्या घासालाच कडूजहर. सासू म्हणाली, अन्न टाकू नये, गूळ घालून खा. नवरी बिचारी खाली मान घालून ताटभर खाऊन गेली. पुढं दोन दिवस तिनं जे भोगलं ते ती कोणाला सांगत नाही, पण मला नानाजीनं सांगितलं, म्हणजे सगळ्या गावाला सांगितल्यासारखंच. उठून बसल्यावर सासूला ती पहिलं वाक्य बोलली: "आजपासून चाखल्याबिगर मी कढईत काई टाकणार नाई, आन कडू लागलं तं उकिरड्यावर." सासूनं पदर डोळ्याला लावला. कस्तुरानं सुरी कमरेला लावली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल, म्हातारा एकतर्फी बोलतो. कापडवाल्या चंपालाल सेठच्या बायकोचं, पानाबाईचं, म्हणणं असं, की जी सुरी हिच्या तोंडाला लागते तीच पुढच्या लवकीला लागते. म्हणजे अख्खी गल्ली कस्तुराचं उष्टं खाते. आणि खरं सांगू, पानाबाई अगदीच चुकीचं बोलत नव्हती. बोटानं उचलून चाखली असती तर निम्मं भांडण मिटलं असतं. पण हे कस्तुराबाईला सांगणार कोण? मी एकदा सांगितलं. त्या दिवशी वांगी दहा रुपयांनी महागली.

चंपालाल सेठच्या घरात उष्ट्याचं फार आहे. सेठनं काही वर्षांपूर्वी चातुर्मासात महाराजसाहेबांसमोर, म्हणजे त्यांच्या साधूंसमोर, नियम घेतला: ताटात, पेल्यात कणभर सोडायचं नाही. जेवण झालं की ताट पाण्यानं विसळायचं आणि ते पाणीही प्यायचं. मी पाहिलंय, सेठनं जेवलेलं ताट मांडणीवर ठेवलं तर कोणी म्हणणार नाही की यात कढी वाढली होती. शिवाय नवकारसी. सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत घरात कोणाच्याही तोंडात पाण्याचा थेंब जात नाही.

या दोन नियमांत तिसरा शिरला, तो मोबाइलमधून. सेठला साखर आहे, ब्लडप्रेशर आहे. कुठल्याशा वैद्यानं मोबाइलवर सांगितलं, सकाळी उपाशीपोटी लवकीचा रस घ्या. आधी सेठ कारल्याचा घेत होते, त्यावरून लवकीवर आले. नवकारसी सुटली की पहिला घोट रसाचा. उपाशीपोटी घ्यायची वस्तू, तिच्यात कस्तुराचं उष्टं कसं चालणार?

एप्रिलात एका सकाळी पानाबाई चार बायका मागे घेऊन हातगाडीपाशी उभी राहिली.

"कस्तुरे, एक सांगून ठेवते. आजपासून सुरी लावलेली लवकी आमच्या घरात येणार नाही. या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. जमत असेल तर ये गल्लीत, नाहीतर दुसरी गल्ली पाहा."

मागच्या चारपैकी दोघी मान हलवत होत्या आणि दोघी भाव पाहत होत्या.

"चाखल्याबिगर मी लवकी देत नाई, सेठाणी."

"मग टमाटे विक. टमाट्याला कोण चाखते?"

कस्तुराबाई गाडीच्या दांडीला धरून उभी राहिली. ही गल्ली गेली तर निम्मी गाडी गेली, हे तिलाही कळत होतं. तिनं आयुष्यात एकदाच हार खाल्ली, ती त्या सकाळी, आणि मी ओट्यावरून पाहिली. तिनं गाडीतली सर्वांत देखणी लवकी उचलली, सुरी न लावता पानाबाईच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "नेजा. पण घरी कापल्यावर पयले तुकडा चाखजा. कडू लागली तं फेकजा, दुसरी मी देईन."

"हो हो," पानाबाई म्हणाली. जिंकलेलं माणूस पुढचं ऐकत नाही.

लवकी खरोखर देखणी होती. नव्या वेलाचं पहिलं फळ. बियाणं कस्तुराबाईनं घरचंच धरलं होतं, मागच्या हंगामातल्या एका चांगल्या लवकीतून. पण मागच्या हंगामात तिच्या कुंपणावर रानातला कडू भोपळाही फुलला होता, याकडं तिचं लक्ष गेलं नव्हतं. मधमाशीला कुंपण कळत नाही. ती इकडचा पराग तिकडं करते. त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, भेसळ जाते बियांत, आणि ती बी पेरली की पुढच्या वेलावर दिसायला लवकी आणि चवीला जहर येतं. त्यात या एप्रिलात नाला आटलेला. वेलाला पाणी तुटलं, ऊन लागलं, की कडूपणा आणखी चढतो. बाहेरून काही कळत नाही. रंग तोच, लव तीच, नखानं दाबलं तर रसही तसाच. कळतं ते फक्त जिभेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कस्तुराबाई वावरात गेली. त्याच वेलावर दुसरी लवकी तयार झाली होती. तोडली, सवयीनं चकती कापली, जिभेवर ठेवली. पुढं काय झालं ते नानाजी असा रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, पण उलटं. तिनं चकती थुंकली, तीन वेळा चूळ भरली, तरी जीभ बधिर. मग ती मटकन खाली बसली, आणि लगेच उठली.

"नवकारसी किती वाजता सुटते?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मले काय मालूम. मी काय जैन हाओ?"

"दिवस निंगून किती झाला?"

"अर्धा घंटा."

तिनं मोबाइल काढून सेठच्या सुनेला, कृतिकाला, फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कृतिका तेव्हा मिक्सर चालवत होती. कस्तुराबाईनं भाजीची गाडी तशीच बांधावर सोडली, ती कडू लवकी पदरात गुंडाळली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. शाळेच्या पोरांना आणायला निघालेला धनसिंग ऑटोवाला सापडला. तो थांबत नव्हता, तर ही ऑटोपुढं उभी राहिली.

"काहून मरून राह्यली वं, बाई?"

"मी नाई मरत. चाल चंपालाल सेठच्या घरी. पटपट."

इकडं सेठच्या घरी काय झालं होतं ते नंतर कळलं. कृतिका हुशार पोरगी, बीकॉम झालेली. तिनं लवकीचं देठ कापून काकडीसारखं मीठ लावून घासलं, फेस काढला, धुतलं. मग फोडी, पुदिना, आवळ्याची पूड, काळं मीठ, सगळं मिक्सरमधून फिरवून गाळलं. चाखलं नाही. चाखणार कशी? नवकारसी सुटायची होती. रस नेहमी आधी तयार करून ठेवायचा, घड्याळ झालं की पहिला सेठच्या हातात. म्हणजे बघा, ज्या घरात कोणी वेळेआधी तोंड उघडत नाही, तिथं सगळ्यांत आधी तोंड उघडणार ते सेठच.

पितळी पेला, काठोकाठ. सेठनं पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे मिटले गेले.

"कडू आहे आज," ते म्हणाले.

"आवळा जास्त पडला असेल," पानाबाई म्हणाली. "कारल्याचा घेत होता तेव्हा नाही बोललात."

"तेही खरं." कडू तितकं गुणाचं, असं म्हणत सेठनं नाक धरून दुसरा घोट घेतला. मग तिसरा. घशात आग उतरल्यासारखी झाली. दुसरं कोणी असतं तर पेला खाली ठेवला असता. पण पेल्यात अर्धा रस शिल्लक होता, आणि अर्धा सोडणं म्हणजे नियम मोडणं. सेठ भिंतीला टेकून, दम खाऊन, पुढच्या घोटाची तयारी करत बसले.

तेवढ्यात कस्तुराबाई दारातून थेट आत. चपलांसकट. जैनाच्या घरात, सकाळच्या पहिल्या प्रहरी, मातीनं भरलेल्या चपलांनी.

"सेठजी, तो गिलास खाली ठेवा."

"काय झालं वं?" पानाबाई उठली. "चपला कुठं..."

"कडू लागला का?"

"औषध आहे," सेठ म्हणाले. "कडूच असणार."

"लवकी औषध नाई न कडूही नाई. कारल्याचं कडू कारल्याच्या घरचं हाये, ते जन्मापासून तसंच. लवकीले कडू लागलं म्हंजे तिच्यात पराया शिरला. ते जीभ सांगून राह्यली तुमाले, थांब म्हणून. तोंडात असंल तं थुका."

"अर्धा उरलाय. माझा नियम आहे."

"मले मालूम हाये तुमचा नियम."

"मग?" सेठनं पेला ओठाकडं नेला.

आता जे झालं ते गल्लीत तीन प्रकारे सांगितलं जातं. कोणी म्हणतं तिनं पेला हिसकला, कोणी म्हणतं सेठच्या हातावर चापट मारली. कृतिकानं मला सांगितलेलं खरं मानायचं तर तिनं दोन्ही केलं. पेला मोरीत उलटा झाला. हिरवा रस वाहत गेला. पानाबाईनं कपाळाला हात लावला.

"माझा नियम मोडलास तू," सेठ म्हणाले. इतक्या हळू, की ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"तुमी नाई मोडला, मी मोडला. पाप माह्या नावानं लिवा, मले चालते. आता ऑटोत बसा. दवाखान्यात जायचं."

"मला काही झालेलं नाही."

"होईल."

ती हे असं म्हणाली, जणू पोस्टमननं पत्र येणार म्हणून सांगावं. अर्धा घंटाही लागला नाही. आधी पोटात पीळ, मग उलटी, मग संडासला धाव, मग दुसरी उलटी. शेजारच्या रुपाबाईनं सल्ला दिला, दही द्या. दुसरी म्हणाली, मिठाचं पाणी पाजून सगळं काढून टाका. सगळ्यांत मोठी सल्लागार पानाबाईच निघाली: "पोट साफ होतंय. मोबाइलमध्ये सांगितलं होतं, सुरुवातीला घाण बाहेर पडते."

"घाण नाई पडून राह्यली, सेठाणी, माणूस पडून राह्यला," कस्तुराबाई म्हणाली. "दही नाई, मीठ नाई, काईच नाई. डाक्टर सांगंल ते." आणि तिनं सेठच्या काखेत हात घातला. पाच पिढ्यांत त्या घरातल्या पुरुषाला भाजीवालीनं काखेत धरलं नव्हतं. धरलं. सेठचा मुलगा सन्मती खरेदीला अकोल्याला गेलेला, त्यामुळं हो-नाही करायला घरात दुसरा पुरुष नव्हता. धनसिंगचा ऑटो दारातच होता. शाळेची पोरं त्या दिवशी पायी गेली.

दवाखान्यात डॉक्टर मंजुषा ड्यूटीवर होत्या. तरुण बाई, बोलायला तुटक. सेठचं ब्लडप्रेशर घसरलं होतं, हातपाय गार. तिसऱ्या उलटीत लालसर धागा दिसला तेव्हा पानाबाईनं मोबाइलचं नाव घेणं सोडलं.

"काय खाल्लं?"

कृतिका रडत होती. कस्तुराबाईनं पदरातून लवकी काढून टेबलावर ठेवली, एका टोकाला चकती कापलेली.

"याच्या संगच्या फळाचा रस पेले. अर्धा गिलास. कडूजहर. वेल माहा हाये."

वेल माझा आहे, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. गप्प राहिली असती तर लवकी बाजारातली म्हणून खपली असती.

डॉक्टरांनी नर्सला हाका मारत दोन्ही हातांना सलाइन लावली, पोटाचं इंजेक्शन दिलं. मग पानाबाईकडं वळल्या. "या विषाला उतारा असा नसतो. शरीर बाहेर टाकेपर्यंत पाणी आणि प्रेशर सांभाळायचं, पोटाला जखम झाली असेल ती जपायची. आत्ता आलात ते बरं केलं. घरी दही-लिंबू करत बसला असता तर सांगता आलं नसतं. आणि पूर्ण पेला गेला असता तर याहून जड गेलं असतं."

"शिजवली असती तर?" कृतिकानं विचारलं.

"शिजवून जात नाही. मीठ, मध, लिंबू, कशानंच जात नाही. कडू लागली की टाकायची, एवढंच."

"तेच मी ओरडून राह्यली," कस्तुराबाई भिंतीकडं पाहून म्हणाली.

तीन दिवस सेठ दवाखान्यात. पहिला दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला, दुसऱ्या दिवशी प्रेशर जागेवर आलं, तिसऱ्या दिवशी त्यांनी मुगाचं पाणी घेतलं आणि वाटी विसळून ते पाणीही घेतलं. नर्स पाहतच राहिली.

मधल्या काळात गल्लीची जीभ थांबली नव्हती. कस्तुरानं विष विकलं, हे एक. मुद्दाम दिलं, पानाबाईवर राग होता, हे दुसरं. दुसरं मी दोन ठिकाणी ऐकलं आणि तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, तेवढं माझंही पाप लिहून ठेवा. नानाजी घाबरून म्हणाला, महिनाभर गल्लीत जाऊ नको. कस्तुराबाई त्याच दिवशी वावरात गेली, तो वेल मुळासकट उपटला, त्याची दोन्ही कोवळी फळं ठेचून खड्ड्यात पुरली, जनावराच्या तोंडाला लागू नये म्हणून. घरच्या बियाची डबीही चुलीत टाकली. आणि चौथ्या दिवशी आठला हातगाडी घेऊन गल्लीत हजर. गाडीत वर लवक्याच लवक्या, दुकानातून आणलेल्या बियाण्याच्या, दुसऱ्या वेलांच्या. त्यांच्यावर आडवी ठेवलेली सुरी.

गल्ली खिडक्यांतून पाहत होती. खाली कोणी येईना.

"लवकी," ती ओरडली. "चाखून भेटंल. न चाखता पायजे असंल तं माह्याकडं नाई. एक डाव दिली, पस्तावली. गल्लीतून काढायचं असंल तं काढा, पण सुरी जाणार नाई."

पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. उन्हात टमाटे मऊ पडायला लागले. एकजण आला आणि कोथिंबीर घेऊन, मान खाली घालून गेला. मीही ओट्यावरून उठलो नाही. खरं सांगायचं तर मला पुढं काय होतं ते पाहायचं होतं.

मग सेठच्या घराचं दार उघडलं. पानाबाई आली. मागे कोणी बायका नव्हत्या. गाडीपाशी येऊन तिनं एक लवकी उचलली.

"कस्तुरे, सेठ घरी आले."

"पायलं मी. ऑटो आला तवा."

"ते म्हणतात, नियम मोडला त्याचं प्रायश्चित्त महाराजसाहेबांना विचारून घेणार. मी म्हटलं, घ्या. तुझं नाव नाही सांगणार म्हणाले."

"सांगू द्या. मी काई लपवून नाई केलं."

पानाबाईनं लवकी पुढं केली. कस्तुराबाईनं सुरी उचलली, पण पानाबाईनं हात धरला.

"तुझ्या तोंडाची सुरी मला आजही चालत नाही. खोटं कशाला बोलू?"

"मंग ठेवा लवकी खाली."

"काप," पानाबाई म्हणाली. "सुरी धुऊन काप. चाखते मी."

कस्तुराबाईनं तिच्याकडं पाहिलं. कापडवाल्या सेठची बायको, डोक्यावर पदर, भर रस्त्यात उभं राहून कच्ची लवकी चाखणार आणि सगळ्यांदेखत थुंकणार. "रस्त्यावर थुकाव लागते, सेठाणी. गिळाचं नाई."

"माहीत आहे मला."

कस्तुराबाईनं बाटलीतल्या पाण्यानं सुरी धुतली, चकती कापली. पानाबाईनं ती बोटांनी घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग पानाबाई वाकली आणि गटारात थुंकली. जरा चुकलीच, थोडं माझ्या ओट्याच्या पायरीवर पडलं, पण ते मी धुऊन घेतलं.

"गोड आहे," ती म्हणाली.

"गोड नाई, फिकी," कस्तुराबाई म्हणाली आणि लवकी तराजूत टाकली. "लवकीले चव नसते, सेठाणी. तीच तिची चव."